नथ हातची, शब्द उसने

पोस्ट अशी होती: ‘प्रीमियम क्वालिटी बसरा मोती नथ!! रॉयल पेशवाई लूक. शंभर टक्के हँडमेड विथ लव्ह. वन ग्रॅम गोल्ड फिनिश, स्किन फ्रेंडली, लाइफटाइम टिकेल. पाणी, परफ्यूम, घाम लागू देऊ नये. नो रिटर्न, नो एक्सचेंज. लिमिटेड स्टॉक, हरी अप! किमतीसाठी डीएम करा.’

सोबत लाल मखमलीवर ठेवलेल्या नथीचा फोटो, तोही मोत्यांचा रंग उडेपर्यंत उजळवलेला. खाली प्रतिक्रिया नेहमीच्याच. ‘पीपी’, ‘पीपी प्लीज’, ‘किती?’, ‘सुंदर ताई’, आणि पुन्हा ‘पीपी’. पीपी म्हणजे ‘प्राइस प्लीज’, हे या गटांमध्ये वावरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

नथ करणाऱ्या ताई डोंबिवलीच्या. सकाळचे डबे, घरचं सगळं उरकून दुपारी खिडकीशी बसून नथी ओवतात. हात सफाईदार आहे, तारेचं टोक कुठेही बोचत नाही. तक्रार एवढीच की, चौकश्या भरपूर येतात आणि खरेदी फार थोड्या करतात. त्यांचा अंदाज असा की फोटो कमी पडतो किंवा किंमत जास्त वाटते. मला मजकूर वाचून वेगळंच वाटलं. या पोस्टमधली नथ कुणाचीही असू शकली असती. त्यातला एकही शब्द त्यांच्या टेबलावरच्या वस्तूला धरून नव्हता. तो आणखी दहा पोस्टमधून उचललेला होता, आणि त्या दहांनीही तो कुठून तरी उचललेलाच असणार.

म्हणून लिहिण्याआधी नथ समोर घेतली आणि ती कशाची आहे, ते एकेक करून पाहायला सुरुवात केली.

पहिला अडसर ‘बसरा’. “हे मोती बसऱ्याचे कशावरून?” असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, “घाऊक दुकानदार तसंच म्हणतो. आणि सगळेच तसं लिहितात.” खरा बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातल्या शिंपल्यांत आपोआप तयार झालेला, पाणबुड्यांनी समुद्राच्या तळातून वर आणलेला मोती. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ एके काळी मुंबईच होती, त्यामुळे हे नाव आपल्या घराघरांत रुजलं. पुढे जपानमध्ये मोत्याची शेती यशस्वी झाली, आखातात तेल सापडलं आणि पाणबुड्यांचा तो धंदा बसला. आज खरे बसरा मोती जुन्या दागिन्यांतून निघतात आणि त्यांचे भाव जाणकार सराफ वजनावर ठरवतो. साडेपाचशे रुपयांच्या नथीत ते असू शकत नाहीत. ज्या आजींच्या पेटीत खरी बसऱ्याची नथ आहे, त्यांना ही पोस्ट दिसली की त्या पुढचा शब्दही वाचणार नाहीत. ‘हैदराबादी मोती’ या नावाचंही थोडंफार तसंच आहे. हैदराबाद मोती भोकं पाडून विकणारं, व्यापाराचं शहर. तिथे समुद्र नाही.

मग हे मोती होते तरी कशाचे? घरी करता येतील अशा दोन तपासण्या आहेत. एकाच सरातले दोन मोती एकमेकांवर हलके घासायचे. खऱ्या मोत्यांत, मग ते नैसर्गिक असोत की शेतीतले, किंचित खरखर जाणवते आणि अगदी बारीक पांढरी पूड निघते. बोटाने पुसली की मोती पुन्हा गुळगुळीत. काचेचे किंवा प्लास्टिकचे मणी एकमेकांवरून घसरतात. दुसरी तपासणी भोकाची. भिंगातून पाहिलं तर नकली मोत्याच्या भोकाच्या कडेला वरचा रंग साल निघाल्यासारखा उचललेला दिसतो आणि आत वेगळाच पदार्थ डोकावतो. ताईंचे मोती दोन्ही ठिकाणी खरे निघाले. घाऊक दुकानदाराला नीट विचारल्यावर त्यानेही सांगितलं, ते गोड्या पाण्यातले, कल्चर्ड.

आता गंमत बघा. त्यांच्याकडे अस्सल मोती होते आणि त्या खोटं नाव लावून ते विकत होत्या. गोड्या पाण्यातल्या कल्चर्ड मोत्यासाठी शिंपल्यात सहसा दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पापुद्र्याचा बारीक तुकडा ठेवतात, मणी ठेवत नाहीत. त्यामुळे जो मोती तयार होतो तो जवळजवळ सगळा त्या चमकदार थरांचाच असतो. आत गोल मणी नसल्यामुळे तो नेमका गोलही होत नाही. कुठे चपटा, कुठे तांदळासारखा लांबट. ताई हे वाकडेपण लपवायला फोटो उजळवत होत्या. खरं तर तेच सांगायला हवं होतं. ‘मोती खरे असल्यामुळे प्रत्येकाचा आकार किंचित वेगळा’ असं एक वाक्य लिहिलं की वस्तू घरी आल्यावर ग्राहक कुरकुर करत नाही. उलट नवऱ्याला, जावेला दाखवते.

दुसरा शब्द ‘वन ग्रॅम गोल्ड’. हा आपल्या बाजारात इतका रुळलाय की लोक त्याचा अर्थ विचारेनासे झालेत. त्या दागिन्यात एक ग्रॅम सोनं असतं असा त्याचा अर्थ नाही. एक ग्रॅम सोन्याला आज काही हजार रुपये पडतात, तेव्हा ते साडेपाचशेच्या नथीत असणं शक्यच नाही. पितळेवर किंवा तांब्यावर सोन्याचं पाणी दिलेलं असतं, त्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही आत असू शकते, एवढंच. ताई जी तार वापरतात ती पितळी, वर सोन्याचं पाणी दिलेली. नथीचा सांगाडा अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचा, मोती ओवायची तार त्याहून निम्म्या जाडीची.

सोन्याचं पाणी दिलेली तार कापली की टोकाला पितळ उघडं पडतं. हे ताईंना माहीत होतं. ग्राहकाला मात्र माहीत नसतं. घाम आणि पितळेतलं तांबं यांच्यातून हिरवट डाग पडतात, ते पाण्याने निघतात, पण ज्या बाईला ते नाकावर दिसतात तिला वाटतं आपली फसवणूक झाली. मुलामा पहिल्यांदा कुठे झिजतो हेही पाहण्यासारखं आहे. तो मधल्या कमानीवर झिजत नाही, चापाच्या टोकांवर झिजतो, कारण तिथे तो नाकाच्या कातडीवर घासतो आणि दर वेळी बोटांनी दाबलाही जातो. त्यामुळे ‘लाइफटाइम टिकेल’ हे वाक्य पहिल्याच लग्नसराईत उघडं पडणार. पुन्हा मुलामा द्यायचा म्हटलं तरी मोती ओवलेली नथ त्या रसायनात बुडवता येत नाही, आधी सगळी उसवावी लागते. त्यापेक्षा चापाचा तुकडा बदलून देणं सोपं. ताई ते ओळखीच्यांना करून देतही होत्या. पोस्टमध्ये मात्र त्याचा उल्लेख नव्हता.

‘स्किन फ्रेंडली’वर आमची थोडी वादावादी झाली. ताईंचं म्हणणं, अजून कुणाचीच तक्रार आली नाही. पण सोन्याच्या पाण्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर दिलेला असतो, आणि दागिन्यांमुळे खाज सुटण्याचं मोठं कारण निकेलच असतं. वरचा सोन्याचा थर झिजला की खालचा निकेल कातडीला लागतो. काळपट ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांसाठी जो जर्मन सिल्व्हर वापरतात, त्यात तर चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांनी जर्मन सिल्व्हरचे झुमके घातले की कानाच्या पाळ्या लाल होतात. निकेल आहे का हे पाहायला एक सोपी चाचणी असते. डायमिथिलग्लायऑक्झाइम आणि अमोनिया यांचे थेंब कापसाच्या काडीवर घेऊन धातूवर घासायचे. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतोय. ही चाचणी केली नसेल आणि तार विकणाऱ्याने लेखी सांगितलं नसेल, तर ‘ॲलर्जी होत नाही’ हे लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग लिहायचं काय? जे खरं आहे ते. ‘आत पितळ आहे. पितळेचे दागिने तुम्हाला सोसत नसतील तर आधी सांगा, चाप चांदीच्या तारेचा करून देते. १५० रुपये जास्त.’ ताईंना चांदीच्या तारेचं काम येत होतं, फक्त कुणी मागत नव्हतं. कसं मागणार? कळतच नव्हतं.

खड्यांचं थोडक्यात आटोपलं. मधला लाल खडा कृत्रिम माणकाचा, बाजूचे दोन हिरवे काचेचे. ‘रुबी-एमरल्ड स्टोन’ हे शब्द काढून टाकले.

मग निगा. जुन्या पोस्टमधलं वाक्य होतं ‘पाणी, परफ्यूम, घाम लागू देऊ नये’. मे महिन्यात डोंबिवलीच्या कार्यालयात नऊवारी नेसून उभ्या असलेल्या नवरीच्या बहिणीला घाम लागू देऊ नये म्हणायचं, म्हणजे तिने नथ डबीतच ठेवावी. वाचणारीच्या मनात असल्या सूचनांमुळे दोनच गोष्टी राहतात: वस्तू नाजूक आहे, आणि बिघडली तर दोष आपल्यावर येणार.

त्यामागचं कारण मात्र खरं आहे. मोती चुन्याच्याच पदार्थाचा, कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि आम्लात तो विरघळतो. अत्तर, केसांचा स्प्रे, लिंबू, व्हिनेगर, आणि काही प्रमाणात घामसुद्धा, यांनी वरची चकाकी हळूहळू जाते. मुलाम्याला घाम आणि घासणं, दोन्ही चालत नाही. पण सगळं हे एका कृतीत बसवता येतं. नटून झाल्यावर, म्हणजे पावडर, अत्तर, गजरा सगळं झाल्यावर, नथ शेवटी घालायची. घरी आल्यावर पहिल्यांदा नथ उतरवायची, किंचित ओल्या मऊ सुती कापडाने पुसायची, मग कोरड्या कापडाने. आपल्या आयाबाया हेच करत आल्या, पण कारण सांगितलं नाही तर आजची मुलगी ते करणार नाही.

एक सूचना मात्र जुन्या पोस्टमध्ये नव्हती, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. आपल्याकडे पितळ काळवंडलं की हात आपोआप चिंचेकडे, लिंबाकडे किंवा भांडी घासायच्या पावडरीकडे जातो. देवघरातल्या समईला ते चालतं. या नथीला चिंच लावली तर आम्लाने मोती खराब होतात आणि घासण्याने सोन्याचं पाणी निघून जातं. एकाच दुपारी दोन्ही. चांदी उजळवायचं तयार द्रावणही मोत्याला वर्ज्य. लोक हौसेने नथ ‘स्वच्छ’ करतात आणि नंतर विक्रेत्याला फोटो पाठवतात. ताईंकडे असे दोन फोटो होतेच. त्यांना वाटत होतं, तार वाईट निघाली.

ठेवण्याचाही एक पेच आहे. मुलाम्याला हवाबंद पिशवी मानवते, कारण हवा आणि दमट वाफ जेवढी कमी तेवढा तो टिकतो. मोत्याला प्लास्टिकची बंद पिशवी वर्षानुवर्षं मानवत नाही, आणि बुटांच्या खोक्यात येते ती ओलावा शोषणारी पुडीही नाही. मोत्यात थोडा ओलावा असावा लागतो. दोघांच्या मधला मार्ग म्हणजे सुती कापडात गुंडाळून डबीत. ताई आधीपासूनच नथीसोबत मखमली पिशवी देत होत्या. आता त्यांनी तीऐवजी जुन्या सुती साडीचे चौकोन शिवून द्यायला सुरुवात केली. खर्च कमी झाला, आणि निगेचं निम्मं काम त्या कापडानेच सांगितलं.

किमतीवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. ‘किमतीसाठी डीएम करा’ लिहिण्यामागे विक्रेत्यांचे आडाखे असतात: चौकशी आली की बोलणं सुरू होतं, बोलणं झालं की विक्री होते, शिवाय शेजारच्या विक्रेतीला आपला भाव कळत नाही. प्रत्यक्षात वाचणारी दोनपैकी एक काहीतरी गृहीत धरते. एक तर भाव परवडणारा नाही, किंवा तोंड बघून सांगतात. बऱ्याच जणी विचारतच नाहीत. ज्या विचारतात त्यांना उत्तर द्यायला दुपार जाते, आणि त्या दुपारी एक नथ कमी होते. ई-कॉमर्सच्या मंचावर विकायला गेलात तर हा प्रश्न मिटलेलाच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तिथल्या विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एकाच आकड्यात आणि कुरियर, कर वगैरेंच्या फोडीसह दाखवायची असते. आधी कमी आकडा दाखवून शेवटी त्यात शुल्क वाढवत नेण्याला २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी फसव्या डावपेचांच्या यादीत घातलं आहे. मग घरातून विकणाऱ्यांनी तेच आधीपासून पाळलं तर बिघडलं कुठे?

पण आकडा लिहायचा तर आधी तो आपल्याला माहीत हवा. ताई नथ ४५० ला देत होत्या, घासाघीस झाली की ३८० ला. आम्ही कागद घेतला. मोती ७५ रुपयांचे, खडे २५ चे, तार आणि मुलामा ४०, डबी-कापड-चिठ्ठी ३०. झाले १७०. एका नथीला दीड तास लागतो. तासाला १२० रुपये धरले, आणि डोंबिवलीत घरकामाच्या मदतीला काय द्यावं लागतं ते पाहता हे काही चैनीचं नाही, तर मजुरी १८०. म्हणजे ३५० रुपये नुसते जायचेच. ३८० ला दिली तर तीस रुपये उरतात, त्यात बिघडलेल्या नथी, प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं आणि फोनचा रिचार्ज. हिशेब संपल्यावर ताई काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी दीड तास फुकट बसते.” फुकट नाही, मजुरी सुटते, पण त्यावर जवळजवळ काहीच उरत नाही.

५५० ठरवले. कुरियर ६०, म्हणून घरपोच ६१०. आणि हा हिशेब पोस्टमध्ये घालायचा नाही. बऱ्याच जणी या टोकाला जातात, ‘मटेरियल इतकं, मजुरी इतकी, तरी कमीत कमी ठेवलंय’ असं लिहितात, आणि ग्राहकाला खर्चाच्या वहीत डोकावून ‘मोती ७५ चे, मग ५५० कसे?’ असं विचारायची संधी देतात. किंमत पटायला हिशेब लागत नाही, काम दिसावं लागतं. ‘प्रत्येक मोती वेगळ्या तारेने बांधलेला, एक निसटला तरी बाकीचे जागेवर राहतात’ या वाक्यात दीड तासाची मजुरी आहे. जुन्या पोस्टमध्ये ‘हँडमेड विथ लव्ह’ होतं, त्याने हे कुणालाच दिसलं नव्हतं.

‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ही काढायला लावलं. वस्तू सदोष निघाली किंवा सांगितलं त्याहून वेगळी निघाली, तर ई-कॉमर्सच्या त्याच नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. त्यामुळे त्या ओळीने विक्रेत्याचं रक्षण होत नाही. फक्त वाचणारीच्या मनात शंका येते. त्याऐवजी ताई जे करूनच देतात ते लिहिलं. नाकाला लागणाऱ्या वस्तूबद्दल ‘घातलेली नथ परत घेत नाही’ असं स्वच्छपणे म्हटलं की वाचणारीला त्याचं कारणही लगेच कळतं.

शेवटी पोस्ट अशी झाली:

‘मोत्याची नथ, चापाची. नाक टोचलेलं नसलं तरी घालता येते. किंमत ५५० रुपये, कुरियर ६०, महाराष्ट्रात घरपोच ६१०.

मोती खरे आहेत, गोड्या पाण्यात वाढवलेले, साधारण ३ मिलिमीटरचे. खरे असल्यामुळे प्रत्येकाचा आकार किंचित वेगळा दिसेल. मधला लाल खडा कृत्रिम माणूक, हिरवे दोन काचेचे. तार पितळेची, वर सोन्याचं पाणी. प्रत्येक मोती वेगळ्या तारेने बांधलाय, एक निसटला तरी बाकीचे जागेवर राहतात.

रुंदी साडेतीन सेंटिमीटर, वजन सुमारे ३ ग्रॅम. दिवसभर घातली तरी नाक ओढलं जात नाही. फोटोतली डाव्या नाकाची आहे, उजवीकडची हवी असेल तर सांगा, चार दिवसांत करून देते. पितळ सोसत नसेल तर चाप चांदीचा, १५० रुपये जास्त.

नटून झाल्यावर शेवटी घाला, घरी आल्यावर आधी उतरवा आणि सोबतच्या सुती कापडाने पुसून त्यातच गुंडाळून ठेवा. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नका, मोती जातील. चापाच्या टोकाचं सोन्याचं पाणी वापराने हळूहळू फिकं होईल. तेव्हा पाठवा, चाप बदलून देते. निसटलेला मोतीही बसवून देते. यायचा-जायचा कुरियर तुमचा, काम माझं.

वस्तू सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली तर पैसे परत. घातलेली नथ मात्र परत घेत नाही.’

इथे ‘रॉयल’ नाही, ‘पेशवाई’ नाही, ‘हरी अप’ नाही. ‘पेशवाई’ ताईंना ठेवायची होती, कारण लोक त्याच शब्दाने शोधतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून तो शब्द पोस्टच्या खाली शोधायच्या शब्दांच्या रांगेत ठेवला, पोस्टच्या आत नाही.

किंमत पहिल्याच परिच्छेदात आहे, ते जाणूनबुजून. फोनवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी वाचा’च्या आड जातं. त्या ओळींत वाचणारीला तीन गोष्टी कळाल्या पाहिजेत: काय आहे, मला घालता येईल का, आणि कितीला. नाक टोचलंय की नाही हा नथीच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, पण असंख्य पोस्टमध्ये तो शेवटच्या ओळीतही सापडत नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तर तेवढ्याच ओळी टाकायच्या, बाकीचं विचारलं तर पाठवायचं. मजकूर लांबला असं कुणाला वाटेल. पण लांब मजकूर ग्राहकाला नको असतो असं नाही. कामाचं काहीच न सांगणारा लांब मजकूर नको असतो. ज्या बाईला ५५० रुपये खर्च करायचे आहेत, ती दीड मिनिट वाचते.

फोटोबद्दल एकच सांगतो. एक फोटो चेहऱ्यावर घातलेल्या नथीचा हवाच, कारण मखमलीवर ठेवलेली साडेतीन सेंटिमीटरची नथ आणि सात सेंटिमीटरची नथ सारखीच दिसते. दिवसा, खिडकीजवळ, फिल्टर न लावता. मोती पांढरेशुभ्र नसून किंचित दुधी आहेत, ते दिसू दे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पोस्ट खरी झाली तरी दोन महिन्यांपूर्वी लिहिलेलं आज खरं राहतंच असं नाही. घाऊक दुकानदाराने पुढच्या खेपेला वेगळे मोती दिले, आणि तेही ‘मोती’ म्हणूनच, तर ताई अनवधानाने खोटं विकतील. म्हणून दर खेपेला भोकाची तपासणी करायची आणि बिलावर माल काय आहे ते लिहून घ्यायचं. पुष्कळ दुकानदार बिलावर नुसतं ‘बीड्स’ लिहितात. दोनदा हटकलं की सविस्तर लिहून देतात, असा ताईंचा अनुभव.

नव्या पोस्टखाली ‘पीपी’ जवळजवळ आलंच नाही. आले ते प्रश्न वेगळे होते. उजव्या नाकाची मिळेल का, चांदीचा चाप सोनेरी दिसेल का, कुंकवाच्या डबीएवढ्या पेटीत दोन पाठवता येतील का. एकीने लिहिलं, नथ येऊन बघता येईल का. ताईंनी तिला घरी बोलावलं. दोन जणींनी ४५० ला द्या म्हटलं, आणि त्यांना ताईंनी नम्रपणे नाही म्हटलं. त्यातली एक परत आली, दुसरी आली नाही.

तुम्हीही घरून दागिने विकत असाल, तर पुढची पोस्ट टाकण्याआधी हातातल्या वस्तूला भिंग लावून बघा आणि ज्याच्याकडून माल घेता त्याला तीन गोष्टी लेखी विचारा: मोती किंवा मणी कशाचे, तार कोणत्या धातूची, वर मुलामा कशाचा आणि त्याखाली काही आहे का. उत्तर मिळालं नाही तर दुकान बदला. पोस्ट लिहायची घाई करू नका.